डोळा, वृषण आणि प्रतिकारशक्तीची सवलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेत्रदान, बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया आणि नसबंदी या तीन विषयांवर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वरवर वेगळे वाटले तरी यातले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: शरीरातल्या काही जागांमध्ये परक्या पदार्थाला वेगळी वागणूक मिळते. ही वागणूक कशी मिळते आणि ती केव्हा बंद होते, हे समजून घेण्यासाठी हे पान आहे. ‘बुबुळ’ हा शब्द इथे सगळीकडे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक भागासाठी, म्हणजे कॉर्नियासाठी वापरला आहे.

1. किडनी बसवताना एवढ्या तपासण्या आणि जुळवाजुळव करतात. मग दान केलेलं बुबुळ कुणाचंही कुणालाही कसं चालतं?

कारण बुबुळाच्या जागी प्रतिकारशक्ती फार सौम्यपणे वागते. किडनीला जोडताक्षणी रुग्णाचं रक्त मिळतं आणि त्या रक्ताबरोबर पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशीही येतात. निरोगी बुबुळात रक्तवाहिनी नसते आणि लसिकावाहिनीही नसते. त्याला प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळतो आणि पोषण मुख्यतः आतल्या पाण्यातून मिळतं. त्यामुळे दात्याच्या पेशी परक्या आहेत ही बातमी, जिथे हल्ल्याची तयारी होते त्या रुग्णाच्या लसिकागाठींपर्यंत सहजासहजी पोचत नाही.

म्हणून नेहमीच्या बुबुळ रोपणात रक्तगट किंवा ऊतींचे प्रकार जुळवत नाहीत. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे काढले जातात, दात्याच्या रक्ताची संसर्गासाठी तपासणी होते आणि बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजल्या जातात. धोका कमी असलेल्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलेली 10 पैकी साधारण 9 बुबुळं वर्षभरानंतरही स्वच्छ असतात, आणि तेही पोटात घ्यायच्या औषधांशिवाय, फक्त स्टेरॉइडच्या थेंबांवर. किडनीच्या रुग्णाला मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या किडनी चालू असेपर्यंत घ्याव्या लागतात.

हे सगळ्या डोळ्यांना लागू नाही. रक्तवाहिन्या शिरलेल्या बुबुळाचं गणित वेगळं असतं, ते प्रश्न 5 मध्ये दिलं आहे.

2. ‘इम्यून प्रिव्हिलेज’ म्हणजे नेमकं काय? हे कुणी शोधलं?

परकी ऊती त्वचेवर लावली तर शरीर ती दोनेक आठवड्यांत नाकारतं. तीच ऊती काही विशिष्ट जागी ठेवली तर ती बराच काळ किंवा कायमची टिकते. अशा जागांना इम्यून प्रिव्हिलेज असलेल्या, म्हणजे प्रतिकारशक्तीकडून सवलत मिळालेल्या जागा म्हणतात. डोळा आणि वृषण ही सर्वांत जास्त अभ्यासलेली उदाहरणं आहेत. मेंदू, गर्भारपणातली वार आणि केसांची मुळंही यात मोडतात.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेली परकी ऊती टिकते, हे एकोणिसाव्या शतकातच पाहिलं गेलं होतं. त्याचा नीट विचार पीटर मेडावार यांनी 1948 साली केला. त्यांनी एका सशाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्या सशाच्या डोळ्यात आणि मेंदूत बसवले. डोळ्यातल्या तुकड्यांत रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तोवर ते टिकले. मेंदूतले तुकडेही टिकले, पण त्याच दात्याची त्वचा सशाला आधी छातीवर लावली असेल तर मेंदूतला तुकडाही नष्ट झाला. याचा अर्थ असा की अशा जागी हल्ला होऊ शकतो, पण हल्ल्याची सुरुवात तिथून होणं अवघड असतं. आजच्या बुबुळ रोपणातल्या बहुतेक यशापयशाचं स्पष्टीकरण या एका निरीक्षणात आहे.

3. मग डोळ्यात प्रतिकारशक्ती पोचतच नाही, असं म्हणायचं का?

नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. मेडावार यांच्या काळात सगळा भर भिंतीवर होता: रक्तातल्या पेशी आत येत नाहीत आणि आतले पदार्थ बाहेर जात नाहीत. भिंत खरोखर आहे. बुबुळामागच्या रंगीत पडद्यातल्या आणि मागच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. पण ती भिंत पूर्ण बंद नाही. टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आत येतात. मुद्दा असा की आत आल्यावर त्यांना लढू दिलं जात नाही.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं पाणी साधं पाणी नाही. त्यात टीजीएफ-बीटा 2 नावाचं प्रथिन असतं, जे टी-पेशींना शांत करतं आणि काहींना नियामक टी-पेशी बनवतं, म्हणजे इतरांचा हल्ला आवरणाऱ्या पेशी. चेतातंतूंमधून येणारे काही छोटे पदार्थही हेच काम करतात. प्रतिपिंडांबरोबर काम करणारी रक्तातली प्रथिनं, ज्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात, ती पेशी फोडू नयेत म्हणून डोळ्यातल्या पेशींवर संरक्षक रेणू असतात.

याहून कडक उपाय म्हणजे फास लिगँड. हा रेणू बुबुळाच्या आणि रंगीत पडद्याच्या पेशींवर असतो. चेतवलेल्या टी-पेशीवर त्याला जोडणारा फास नावाचा रेणू असतो. दोघांची गाठ पडली की ती टी-पेशी आत्मनाश पत्करते. 1990च्या दशकात उंदरांवर हे तपासलं गेलं. फास लिगँड नसलेल्या दात्याचं बुबुळ बसवलं तर ते जवळपास प्रत्येक वेळी नाकारलं गेलं. साधं बुबुळ मात्र सुमारे निम्म्या उंदरांत औषधाशिवाय टिकलं.

डोळ्याला एवढी काळजी घ्यावी लागते त्याचं कारण उघड आहे. सूज आली की त्वचा चार दिवसांत भरून येते. बुबुळाचा आतला थर किंवा दृष्टिपटल यांच्या पेशी मात्र माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जंतूशी लढताना झालेलं नुकसानच दृष्टी घालवू शकतं.

4. डोळ्यात गेलेल्या परक्या पदार्थाचा प्लीहेशी संबंध असतो असं वाचलं. ते कसं?

हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. 1970च्या दशकात वेन स्ट्राइलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परके प्रतिजन टोचले. प्रतिजन म्हणजे प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो रेणू. अपेक्षा अशी की डोळ्यापुरतीच शांतता राहील. प्रत्यक्षात सगळ्या शरीराने त्या प्रतिजनाला सोडून दिलं. नंतर तोच प्रतिजन त्वचेखाली टोचला तरी नेहमीची उशिरा येणारी सूज आली नाही.

घडतं ते असं. डोळ्यातल्या भक्षक पेशी प्रतिजन उचलतात. टीजीएफ-बीटाच्या पाण्यात राहून त्यांचा स्वभाव आधीच बदललेला असतो. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून रक्तात झिरपतं, त्याच वाटेने त्या थेट रक्तात उतरतात आणि प्लीहेत पोचतात. त्वचेतला प्रतिजन लसिकागाठीत जातो आणि तिथे लढणाऱ्या टी-पेशी तयार होतात. इथे प्लीहेत नियामक टी-पेशी तयार होतात. उंदराची प्लीहा आधी काढली तर हा सगळा परिणाम नाहीसा होतो. प्रतिजन टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत तो डोळाच काढून टाकला तरी तो घडत नाही.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. ही दडपणूक सरसकट नसते. सूज आणणाऱ्या टी-पेशी थांबतात, पण काही प्रकारचे प्रतिपिंड तयार होत राहतात. विषाणूविरुद्ध शरीर पूर्ण निःशस्त्र होत नाही, फक्त डोळ्याला सर्वांत जास्त इजा करणारं हत्यार बाजूला ठेवलं जातं. यातला बहुतांश तपशील उंदरांतला आहे, त्यामुळे प्लीहा काढलेल्या माणसाने यावरून स्वतःच्या डोळ्याबद्दल निष्कर्ष काढू नये.

5. डॉक्टर म्हणाले, ‘बुबुळात रक्तवाहिन्या शिरल्यात, ग्राफ्टला धोका जास्त आहे.’ असं का?

ग्राफ्ट म्हणजे बसवलेलं बुबुळ. त्याला धोका, कारण सवलतीचा पहिला आधार तिथे निघून गेलेला असतो. बुबुळ रक्तवाहिन्यांपासून मुक्त राहतं ते आपोआप नाही. शेजारच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्यांची दाटी असते आणि त्या आत सरकायला टपलेल्या असतात. बुबुळाच्या पेशी सतत एक रेणू तयार करतात, जो रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला पकडून निकामी करतो. 2006 साली हे स्पष्ट झालं. त्याच अभ्यासात मॅनेटी या पाण्यातल्या प्राण्याच्या बुबुळात हा रेणू सापडला नाही आणि त्याच्या बुबुळात रक्तवाहिन्या असतात.

जंतुसंसर्ग, भाजणं किंवा दीर्घकाळची सूज यांनी हा तोल बिघडतो. आपल्याकडे शेतात काम करताना पाला किंवा तूस डोळ्याला लागून बुरशीचा व्रण होतो, तो भरताना रक्तवाहिन्या आत येतात. त्यांच्याबरोबर लसिकावाहिन्याही येतात, पण त्या तपासणीत सहज दिसत नाहीत. रक्तवाहिनी म्हणजे टी-पेशींचा आत येण्याचा रस्ता आणि लसिकावाहिनी म्हणजे बातमी बाहेर जाण्याचा रस्ता. दुसरा रस्ता जास्त घातक ठरतो, कारण नाकारण्याची सुरुवात लसिकागाठीतून होते. अशा डोळ्यांत नाकारलं जाण्याचं प्रमाण निम्म्याच्याही वर जाऊ शकतं. म्हणून सर्जन शक्यतो सूज पूर्ण शांत झाल्यावर शस्त्रक्रिया करतात, आणि पुढे थेंब जास्त काळ चालू ठेवतात किंवा सायक्लोस्पोरिनसारखं औषध जोडतात.

6. ग्राफ्ट नाकारलं जात असेल तर घरी कसं कळेल? आणि तेव्हा नेमकं काय होतं?

चार खुणा लक्षात ठेवा: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, दृष्टी कमी होणं आणि दुखणं. यातली एक जरी खूण काही तासांपेक्षा जास्त टिकली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. सगळ्या खुणा एकदम दिसतील म्हणून थांबू नये.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, 45 वर्षांच्या एका शेतकऱ्याला बुरशीच्या व्रणानंतर पूर्ण जाडीचं बुबुळ बसवलं. आठ महिने ते स्वच्छ होतं, जाडी 540 मायक्रॉन, म्हणजे नेहमीसारखी. दृष्टी चांगली म्हणून त्याने थेंब मनानेच बंद केले. त्यातच एक टाका सैल झाला. सैल टाक्याभोवती चिकट स्राव जमतो, सूज येते आणि त्या टाक्याच्या वाटेने बाहेरची रक्तवाहिनी ग्राफ्टच्या कडेपर्यंत पोचते. दोन आठवड्यांनी सकाळी उठल्यावर त्याला धुकं दिसू लागलं.

स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्रावर दिसतं ते असं: ग्राफ्टची जाडी वाढून 620 मायक्रॉन झालेली. आतल्या पृष्ठभागावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रेघ, रक्तवाहिनी शिरली त्या कडेपासून मध्याकडे सरकणारी. अली खोडादौस्त या नेत्रतज्ज्ञांनी वर्णन केल्यामुळे तिला खोडादौस्त रेघ म्हणतात. ही रेघ म्हणजे टी-पेशींची आघाडी असते. रेघेच्या मागचा भाग सुजलेला आणि गढूळ, पुढचा अजून स्वच्छ. ठिपके फक्त दात्याच्या भागावर असतात, रुग्णाच्या स्वतःच्या कडेवर नसतात. साध्या आतल्या सुजेत ते दोन्हीकडे दिसले असते, म्हणून हा फरक निदानाला उपयोगी पडतो.

उपचार म्हणजे सैल टाका काढणं आणि प्रेडनिसोलोन ॲसिटेट 1 टक्का थेंब जागेपणी दर तासाला, नंतर महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत. त्याआधी हर्पिसचा किंवा दुसरा संसर्ग नाही याची खात्री करावी लागते, कारण तेव्हा नुसतं स्टेरॉइड घात करतं. आतल्या थरात पुरेशा पेशी शिल्लक असतील तर पाणी उपसलं जाऊन बुबुळ पुन्हा स्वच्छ होतं. दर चौरस मिलिमीटरला साधारण 500 पेशींच्या खाली संख्या गेली तर ते कायमचं गढूळ राहतं, कारण या पेशी नव्याने बनत नाहीत. म्हणूनच एका दिवसाचा उशीरही महत्त्वाचा.

आता शक्य असेल तिथे पूर्ण बुबुळ न बदलता फक्त बिघडलेला थर बदलतात. डीएमईके या शस्त्रक्रियेत जेमतेम 10 ते 15 मायक्रॉनचा आतला थर बसवतात, परकी ऊती कमी आणि टाके जवळजवळ नाहीत, त्यामुळे नाकारणं बरंच कमी होतं. डाल्क शस्त्रक्रियेत उलट रुग्णाचा स्वतःचा आतला थर ठेवतात, त्यामुळे वर सांगितलेली रेघ तिथे येऊच शकत नाही.

7. डोळ्यात चुना गेला होता. ग्राफ्ट टिकेल का?

चुना, म्हणजे तंबाखूबरोबरच्या पुडीतला किंवा रंगकामाचा, हा अल्कली असल्याने आत खोलवर झिरपतो. तो बुबुळाच्या कडेवरच्या मूळ पेशी जाळतो. या पेशी मेल्या की बुबुळाचा वरचा थर नव्याने बनत नाही, त्याच्या जागी बाहेरचा रक्तवाहिन्यांनी भरलेला पापुद्रा सरकत येतो. म्हणजे सवलतही जाते आणि पृष्ठभागही जातो. अशा डोळ्यात आधी मूळ पेशींचं रोपण करून पृष्ठभाग सावरतात आणि मग बुबुळाचा विचार करतात. नुसतं बुबुळ बसवलं तर बहुधा टिकत नाही.

तरीही माणसावरचं पहिलं यशस्वी बुबुळ रोपण चुन्याने भाजलेल्या डोळ्यावरच झालं होतं. 7 डिसेंबर 1905 रोजी एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स इथे अलोइस ग्लोगार या मजुरावर ते केलं. दाता होता 11 वर्षांचा मुलगा, ज्याचा दुखापत झालेला डोळा काढावा लागला होता. त्या मुलाच्या डोळ्यातून दोन ग्राफ्ट घेतले, एकेका डोळ्यासाठी एक. एक निकामी झालं, दुसरं स्वच्छ राहिलं आणि ग्लोगार पुन्हा कामाला लागला. तेव्हा स्टेरॉइड नव्हतीच. जे टिकलं ते डोळ्याच्या स्वतःच्या सवलतीवर.

डोळ्यात चुना गेला की सर्वांत आधी पुष्कळ पाण्याने निदान अर्धा तास धुवा, पापणीखालचे कण काढा आणि मग दवाखान्यात जा.

8. एका डोळ्यात ग्राफ्ट आहे. दुसऱ्या डोळ्यात केलं तर पहिल्याला धोका होतो का?

उंदरांत याचं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे, आणि कारण अनपेक्षित आहे. जेरी नीडरकॉर्न यांच्या प्रयोगशाळेत असं दिसलं की बुबुळ कापताना त्याचे चेतातंतू गोलाकार कापले जातात, आणि त्यातून सबस्टन्स पी नावाचा पदार्थ वाढतो. त्याच्या प्रभावाखाली काही पेशी नियामक टी-पेशींना निकामी करतात, आणि तेही दोन्ही डोळ्यांत. पहिल्या डोळ्यातली साधारण निम्मी ग्राफ्ट टिकत असताना दुसऱ्या डोळ्यातली जवळपास सगळी नाकारली गेली, दाता वेगळा असला तरीही.

माणसात हा परिणाम इतका ठळक नाही, कारण आपण थेंब वापरतो. दोन्ही डोळ्यांत चांगली ग्राफ्ट असलेले पुष्कळ लोक आहेत. व्यवहारात एवढंच: दोन शस्त्रक्रियांमध्ये पुरेसं अंतर ठेवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पहिल्या डोळ्याचे थेंब बंद करत नाहीत.

9. एका डोळ्याला मार लागला आणि काही महिन्यांनी दुसरा, धड असलेला डोळाही बिघडला. हे खरंच होतं?

होतं. दुर्मीळ आहे, आरपार जखमांपैकी हजारात काहींनाच होतं, पण त्याचं नाव प्रत्येक जखमी रुग्णाच्या घरच्यांना माहीत असायला हवं: सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया.

डोळ्याच्या आत लसिकावाहिन्यांची नेहमीची व्यवस्था नसते, त्यामुळे दृष्टिपटल आणि युव्हिया हा रंगद्रव्याचा थर यांची काही प्रथिनं लसिकागाठींना फारशी भेटलेली नसतात. आरपार जखमेत ही ऊती बाहेरच्या पापुद्र्याला लागते, तिथे लसिकावाहिन्या भरपूर असतात. टी-पेशी तयार होतात आणि त्यांना डावा-उजवा डोळा हा भेद कळत नाही. प्रश्न 2 मधली मेडावार यांची गोष्ट इथे उलट बाजूने दिसते: हल्ल्याची सुरुवात डोळ्याबाहेर झाली की डोळा त्याला थोपवू शकत नाही.

जवळपास 80 टक्के रुग्णांत हे पहिल्या तीन महिन्यांत आणि 90 टक्क्यांत वर्षभरात दिसतं. धड डोळ्याने जवळचं वाचताना अंधुक दिसणं आणि उजेडाचा त्रास या पहिल्या खुणा असू शकतात. लुई ब्रेल यांना 1812 साली तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात आरीने एका डोळ्याला जखम झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. ते याच आजाराने, असं मानलं जातं.

जखमी डोळा काढायचा का, हा प्रश्न लोक विचारतात. अजिबात दृष्टी नसलेला आणि सावरता न येणारा डोळा पहिल्या दोन आठवड्यांत काढला तर धोका कमी होतो, अशी जुनी समज आहे. दृष्टीची आशा असेल तर आज काढत नाहीत. आजार सुरू झाल्यावर काढण्याचा फायदा शंकास्पद आहे, आणि कधी कधी शेवटी जखमी डोळाच जास्त चांगला पाहणारा ठरतो. उपचार म्हणजे भरपूर स्टेरॉइड, मग ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटसारखी औषधं दीर्घकाळ. वेळेवर सुरू केले तर बहुतेकांची दृष्टी वाचते.

10. शुक्राणू तर स्वतःच्याच शरीरात बनतात. मग वृषणाला या सवलतीची गरज काय?

कारण शुक्राणू उशिरा येतात. टी-पेशींना ‘आपलं कोण’ हे शिकवण्याचं काम थायमस ग्रंथीत मुख्यतः बालपणी होतं. शुक्राणू वयात आल्यावर तयार होऊ लागतात आणि त्यांच्यावरची अनेक प्रथिनं शरीरात इतरत्र कुठेच नसतात. प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ती नवखी असतात.

वृषणातल्या बारीक नळ्यांच्या आत सर्टोली पेशी असतात. नळीच्या तळाजवळ त्या एकमेकींना अशा घट्ट जोडल्या जातात की रक्त आणि शुक्राणू यांच्यात पडदा तयार होतो. हा पडदा वयात येतानाच पूर्ण होतो, म्हणजे अगदी गरज पडते तेव्हा. अडचण अशी की शुक्राणूंच्या मूळ पेशी पडद्याच्या बाहेर असतात आणि वाढताना त्यांना पडदा ओलांडून आत जावं लागतं. हे बँकेच्या दुहेरी दारासारखं होतं: पेशीच्या मागे नवा जोड तयार झाल्यावरच पुढचा जोड सुटतो. एका मूळ पेशीपासून शुक्राणू बनायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो आणि या काळात पडदा कधीच पूर्ण उघडा नसतो.

11. मग हा पडदाच सगळं काम करतो का?

तसं नाही, आणि त्याचे दोन पुरावे आहेत. पहिला: पडद्याच्या बाहेर, नळ्यांच्या मधल्या जागेत, दुसऱ्या प्राण्याच्या पॅराथायरॉइडच्या किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ठेवल्या तर उंदीर आणि घुशींसारख्या प्राण्यांत त्या टिकतात. ती जागा पडद्याच्या आत नाही, तरी सवलत आहे. तिथल्या भक्षक पेशी सूज आणण्याऐवजी आयएल-10सारखे शांत करणारे पदार्थ सोडतात, आणि सर्टोली पेशी टीजीएफ-बीटा आणि ॲक्टिव्हिन पाझरतात.

दुसरा पुरावा 2017चा आहे. केनेथ टंग यांच्या गटाने दाखवलं की शुक्राणूंची काही प्रथिनं नळीतून रोज थोडी थोडी बाहेर झिरपतात आणि नियामक टी-पेशी त्यांच्यावर सहनशीलता राखतात. या नियामक पेशी काढून घेतल्या की उंदराच्या वृषणाला सूज येते. काही प्रथिनं मात्र पूर्ण कोंडलेली असतात. म्हणजे काही प्रथिनांबाबत ओळख करून देऊन शांतता आणि काहींबाबत पूर्ण लपवणूक, अशा दोन्ही पद्धती एकाच अवयवात आहेत.

माणसाच्या वृषणाबद्दल एक सावधगिरी: माणसात आणि माकडांत ही सवलत उंदरांइतकी मजबूत दिसत नाही.

12. नसबंदीनंतर शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात म्हणे. घाबरायचं का?

प्रतिपिंड तयार होतात हे खरं. नसबंदी झालेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत ते सापडतात. नळी बांधल्यावर शुक्राणू बनतच राहतात, मागच्या भागात दाब वाढतो आणि तिथून ते ऊतींत पाझरतात. 1970च्या दशकाच्या शेवटी माकडांवरच्या अभ्यासामुळे हृदयविकाराची भीती निर्माण झाली होती. नंतर पुरुषांच्या मोठ्या पाहण्यांत ती खरी ठरली नाही. आरोग्यासाठी यात घाबरण्यासारखं काही नाही.

प्रश्न येतो तो नसबंदी उलटवून मूल हवं असेल तेव्हा. वीर्यातल्या शुक्राणूंना प्रतिपिंड चिकटले असतील तर ते एकमेकांना चिकटतात किंवा गर्भाशयमुखाच्या स्रावात अडकतात. हे रक्तातल्या तपासणीपेक्षा शुक्राणूंवरचे प्रतिपिंड शोधणाऱ्या ‘मार’ नावाच्या वीर्याच्या चाचणीत कळतं. निम्म्याहून जास्त हलते शुक्राणू प्रतिपिंडांनी वेढलेले असतील तर अडथळा गंभीर समजतात. तरीही अनेक जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा होते. न झाल्यास इक्सीमध्ये एक शुक्राणू थेट बीजात सोडतात, तिथे प्रतिपिंडांना काम उरत नाही. फक्त प्रतिपिंड कमी करायला दीर्घकाळ स्टेरॉइड घेणं आता फारसं कुणी सुचवत नाही.

13. विषाणू किंवा कॅन्सर या जागांचा आडोसा घेतात का?

घेतात. इयान क्रोझियर हे अमेरिकन डॉक्टर 2014 साली सिएरा लिओनमध्ये इबोलाने आजारी पडले आणि बरे होऊन घरी गेले. काही आठवड्यांनी त्यांच्या डोळ्यात तीव्र सूज आली. डोळ्याच्या आतल्या पाण्यात जिवंत इबोला विषाणू सापडला, अश्रूंत मात्र नव्हता. त्यांच्या निळ्या डोळ्याचा रंग हिरवा झाला आणि पुढे उपचारांनी दृष्टी परतली. वीर्यात इबोला काही पुरुषांत वर्षाहून जास्त काळ सापडला आहे. म्हणूनच बरे झालेल्या पुरुषांच्या वीर्याची तपासणी दोनदा निगेटिव्ह येईपर्यंत काळजी घ्यायला सांगतात.

कॅन्सरमध्ये दोन गोष्टी मिसळतात. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पूर्वी वृषणात आजार पुन्हा उद्भवत असे, त्यात औषध आत कमी पोचण्याचाही वाटा होता. अशा मुलाचं वृषण न दुखता मोठं किंवा टणक झालं तर लगेच दाखवावं. साठीनंतरच्या पुरुषांत वृषणाचा लिम्फोमा होतो, आणि तो परतताना दुसऱ्या वृषणात किंवा मेंदूत, म्हणजे पुन्हा सवलतीच्याच जागी जाण्याकडे कल दाखवतो. त्यामुळे तिथेही आधीच उपचार दिले जातात.

14. ही सवलत उसनी घेऊन किडनी किंवा इन्सुलिनच्या पेशी वाचवता येतील का?

प्रयत्न झाले आहेत. फास लिगँडचा शोध लागल्यावर (प्रश्न 3 पाहा) इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तो मुद्दाम लावून पाहिला. उंदरांत त्या पेशी टिकल्या नाहीत, उलट न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून आल्या आणि बसवलेल्या पेशी लवकर नष्ट झाल्या. डोळ्यात हा रेणू टीजीएफ-बीटा असलेल्या पाण्यात काम करतो, एकटा नाही. सर्टोली पेशी इन्सुलिनच्या पेशींसोबत बसवण्याचा प्रयोग जास्त यशस्वी झाला, कारण त्या पेशी एकाच वेळी अनेक पदार्थ सोडतात. प्राण्यांत त्यामुळे रोपण बरंच जास्त टिकलं, नेहमीच्या उपचारात मात्र ते अजून आलेलं नाही.

जिथे सवलत आधीच आहे तिथे तिचा फायदा घेणं जास्त सोपं गेलं. 2017 साली अमेरिकेत मान्य झालेला लक्स्टर्ना हा जनुकीय उपचार दृष्टिपटलाच्या खाली 0.3 मिलिलिटर द्रवात टोचतात. जनुक वाहून नेणारा विषाणू परका असूनही डोळा तो बऱ्यापैकी सहन करतो. तरी टोचण्याच्या तीन दिवस आधीपासून तोंडाने प्रेडनिसोलोन देतात, आणि दोन डोळ्यांमध्ये निदान सहा दिवसांचं अंतर ठेवतात.